जाहिरात आली की आवाज का वाढतो?



संध्याकाळची वेळ आहे. घरात टीव्ही लागला आहे. मालिकेतली सासू सुनेशी हळू आवाजात बोलते आहे. शब्द ऐकू यावा म्हणून आपण रिमोट हातात घेतो आणि आवाज वाढवतो. तेवढ्यात जाहिरात येते. साबण विकणारा माणूस एकदम कानात ओरडतो. पाळण्यातले मूल दचकून रडू लागते. आपण घाईघाईने आवाज कमी करतो. जाहिरात संपते, मालिका सुरू होते, आणि पुन्हा काही ऐकू येत नाही. मग पुन्हा आवाज वाढवायचा.

हे असे का होते? यावर उपाय आहे का? उपाय आहे. पुष्कळ टीव्हींमध्ये तो आधीच घालून ठेवलेला असतो. पण तो कुठे आहे हे कोणी दाखवत नाही. या पाठात आम्ही तो दाखवणार आहोत. तो कुठे कमी पडतो, हेही सांगणार आहोत.

आजींची तक्रार

आमच्या शेजारी एक कुटुंब राहते. घरात म्हातारी आजी, मुलगा, सूनबाई आणि चार महिन्यांचे बाळ. घर लहान. टीव्ही आणि पाळणा एकाच खोलीत. आजींना रात्री बातम्या आणि एक मालिका पाहायची सवय. गुडघे दुखतात, त्यामुळे त्या बाहेर फारशा जात नाहीत. टीव्ही हीच त्यांची सोबत.

एके दिवशी मुलगा आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, आजपासून आठनंतर टीव्ही बंद करायचं ठरवलंय. बाळ रोज तीन-तीनदा उठतं. बायको रात्रभर जागी असते. आणि आई म्हणते, टीव्ही बंद केलास तर मी जेवणार नाही."

आम्ही त्यांच्या घरी गेलो. आजी म्हणाल्या, "गुरुजी, मला काय हौस आहे का मोठ्यानं लावायची? बोलणं कळत नाही म्हणून वाढवते. आणि जाहिरात आली की मलाच कानात हातोडा मारल्यासारखं होतं. हे लोक म्हणतात, ऐकू येत नाही तर मग मोठा आवाज कसा लागतो? मी खोटं बोलते काय?"

आजी खोटे बोलत नव्हत्या. उतारवयात कान कमी होतो तेव्हा हळू आवाज ऐकू येईनासा होतो. पण मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. 'ऐकू येत नाही' आणि 'कानाला लागते' या दोन टोकांमधली जागा कमी होते. तरुण माणसाच्या कानाला ही जागा रुंद रस्त्यासारखी असते. म्हाताऱ्या माणसाला ती पायवाटेएवढी उरते. म्हणून आवाजाची चढउतार सर्वांत जास्त म्हाताऱ्या माणसांनाच सोसावी लागते. सूनबाईंना हे कळले तेव्हा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "असं असतं होय? आम्हाला वाटलं, त्या हट्ट करतात."

जाहिरातवाले काय करतात?

पुष्कळांना वाटते, जाहिरात लागली की चॅनेलवाला कोणी तरी बटण फिरवून आवाज वाढवतो. तसे बहुधा नसते. गंमत वेगळीच आहे.

एका दाराची कल्पना करा. दाराला वरती चौकट आहे. चौकटीपेक्षा उंच माणूस आत जाऊ शकत नाही. टीव्हीच्या आवाजालाही अशी वरची एक चौकट असते. त्याहून मोठा आवाज पाठवताच येत नाही. पाठवला तर तो फाटतो.

आता मालिका या दारातून जाते. तिच्यात बहुतेक माणसे बुटकी आहेत, म्हणजे बोलणे हळू आहे. मधूनच एखादा उंच माणूस येतो. म्हणजे कुठे दार आपटले, कुठे वीज कडाडली. त्याचे डोके चौकटीजवळ पोचते. बाकीचे सगळे खालून जातात.

जाहिरात त्याच दारातून जाते. पण तिच्यातला प्रत्येक माणूस काठ्यांवर चढलेला असतो. सगळ्यांची डोकी चौकटीला टेकायला आलेली! एकही माणूस चौकटीबाहेर गेला नाही. नियम मोडला असे म्हणता येत नाही. पण सगळी गर्दीच उंच झाली.

जाहिरात तयार करताना हळू आवाज यंत्राने वर उचलतात आणि मोठा आवाज थोडा दाबतात. मग सगळा आवाज एकसारखा वरच्या पट्टीत बसतो. त्यात कुठे शांतता नसते, उसंत नसते. शिवाय माणसाच्या कानाला जो चिरका, स्पष्ट सूर सर्वांत तीव्र लागतो, तोच मुद्दाम पुढे आणतात. म्हणून जाहिरात मोठी वाटते.

पूर्वी आवाज मोजणारे लोक फक्त सर्वांत उंच माणूस पाहत. सगळी गर्दी किती उंच आहे हे पाहत नसत. त्यामुळे ही चलाखी पकडता येत नव्हती. 2006 साली जगातल्या देशांच्या दूरसंचार संघटनेने नवी मोजणी ठरवून दिली. या मोजणीत कानाला एकंदर किती मोठे लागते हे मोजतात. अमेरिकेने 2010 साली कायदा केला, की जाहिरातीचा असा मोजलेला आवाज कार्यक्रमापेक्षा मोठा नसावा. तो तिकडे 13 डिसेंबर 2012 पासून लागू झाला.

आपल्या देशातही 1994 च्या केबल टेलिव्हिजन नियमांत एक कलम आहे. जाहिरातीचा आवाज वाजवीपेक्षा मोठा नसावा, असे ते सांगते. पण नियम असला तरी रोज रात्री आपल्या घरात तो पाळला जाईलच असे नाही. म्हणून आपल्या हातात काय आहे ते आधी पाहू.

दारे धरणारा माणूस

आपण शेतकरी माणसे. पिकाला पाणी देताना एकजण पाटावर उभा राहून दारे धरतो. पाटाला पाणी जास्त आले की तो दार थोडे बुजवतो. पाणी कमी झाले की दार मोकळे करतो. त्यामुळे वाफ्यात पाणी बेताने जाते. वाफा फुटत नाही आणि कोरडाही राहत नाही.

टीव्हीत असाच एक दारे धरणारा बसवलेला असतो. तो माणूस नव्हे, ती यंत्राची सोय असते. ती चालू केली की टीव्ही स्वतः येणारा आवाज सारखा पाहत राहतो. आवाज मोठा आला तर तो दाबतो. हळू आला तर वर उचलतो. आपल्याला रिमोट हातात धरून बसावे लागत नाही.

पण दारे धरणाऱ्याची एक अडचण आपल्याला ठाऊक आहे. पाटाला पाणी वाढले हे त्याला पाणी आल्यावरच दिसते, आधी नाही. फावडे मारून दार बुजवेपर्यंत पाण्याचा पहिला लोट वाफ्यात जातोच. तसेच इथेही होते. जाहिरातीचा पहिला शब्द कधी कधी मोठाच येतो. मग क्षणात आवाज खाली बसतो. असे झाले तर सोय बिघडली असे समजू नका.

आधी मोजा, मग हात लावा

आता आजींच्या घरी आम्ही काय केले ते सांगतो. आम्ही आधी टीव्हीला हात लावला नाही. एक वही घेतली. आजींना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवले. पंखा रोजच्यासारखा चालू ठेवला, कारण पंख्याच्या आवाजातही शब्द बुडतो.

मग सूनबाईंनी एकेक गोष्ट लावली आणि रिमोटने आवाज कमीजास्त केला. आजींनी हात वर करायचा, तो एकाच वेळी: शब्द नीट कळतो आहे आणि कानाला लागत नाही तेव्हा. त्या वेळी पडद्यावर जो आकडा दिसेल तो मुलाने वहीत लिहायचा. पहिल्या दिवशीचे आकडे असे निघाले:

मालिका – 26
त्याच चॅनेलवरची जाहिरात – 17
बातम्यांचे चॅनेल – 20
जुना चित्रपट – 34
टीव्हीतले यूट्यूब – 11

हा आकडा म्हणजे काही शेर किंवा मीटर नव्हे. एका टीव्हीवरचा 20 आणि दुसऱ्या टीव्हीवरचा 20 सारखे नसतात. पण एकाच टीव्हीवर, एकाच जागी बसून घेतलेले आकडे आपसात ताडून पाहता येतात. इथे चित्रपटाला 34 लागतो आणि यूट्यूबला 11. चित्रपट पाहून झाल्यावर कोणी तसाच यूट्यूब लावला, तर घर दणाणून जाणार. बाळ उठणारच!

वहीकडे पाहून आम्ही म्हणालो, "इथे एक नाही, दोन दुखणी आहेत. दोन्हींना वेगवेगळे औषध आहे."

पहिले दुखणे : दोन ठिकाणचा आवाज

त्या घरी सेट टॉप बॉक्स आहे. चॅनेले बॉक्समधून टीव्हीत येतात. बॉक्सला स्वतःचा आवाज असतो आणि टीव्हीला स्वतःचा. पाणी दोन तोट्यांतून येते म्हणा ना. बॉक्सची तोटी अर्धवट उघडी असेल, तर टीव्हीची तोटी जास्त उघडावी लागते.

यूट्यूब मात्र टीव्हीच्या आतच आहे. ते बॉक्समधून येत नाही. त्याच्या वाटेवर बॉक्सची अर्धी तोटी नाही. म्हणून चॅनेलसाठी उघडलेली टीव्हीची तोटी यूट्यूबला फार होते.

आम्ही बॉक्सचा रिमोट घेऊन पाहिले. बॉक्सचा आवाज अर्ध्यावरही नव्हता. कोणी तरी केव्हा तरी कमी केला आणि तसाच राहिला. आम्ही आधी टीव्हीचा आवाज अगदी खाली आणला. हे विसरू नका, नाही तर मोठा दणका बसेल. मग बॉक्सचा आवाज जवळजवळ पुरा वाढवला. यापुढे बॉक्सच्या आवाजाला कोणी हात लावायचा नाही, रोजचे कमीजास्त टीव्हीच्या रिमोटने करायचे, असे ठरवले.

काही घरी बॉक्सच्या रिमोटचे आवाजाचे बटण दाबले की टीव्हीचाच आकडा हलतो. तिथे बॉक्सचा स्वतःचा आवाज बहुधा पुरा असतो. मग ही पायरी करावी लागत नाही.

पुन्हा आकडे घेतले. मालिका 16, जाहिरात 9, बातम्या 11, चित्रपट 23. यूट्यूब होते तिथेच, 11.

यावरून काय कळले? बॉक्समधून येणारे सगळे आकडे खाली आले आणि यूट्यूबच्या जवळ आले. चॅनेलवरून यूट्यूबवर गेले की बसणारा दणका पुष्कळ कमी झाला. पण मालिका आणि जाहिरात यांच्यात अजून 7 चे अंतर आहे. म्हणजे दुसरे दुखणे तसेच आहे.

दुसरे दुखणे : कार्यक्रम आणि जाहिरात

आता दारे धरणाऱ्याला कामाला लावायचे. वाट अशी आहे.

टीव्हीच्या रिमोटवर दातेरी चाकाचे चित्र असते, किंवा Settings अथवा Menu असे लिहिलेले असते. ते बटण दाबा. पडद्यावर यादी येईल. त्या यादीत Sound हा शब्द शोधा. याचा अर्थ आवाज. त्यात शिरा. पुष्कळ टीव्हींत आत आणखी एक खोली असते. तिला Advanced Settings किंवा Expert Settings असे काही नाव असते. तिच्यात शिरा.

तिथे हवी ती सोय असते. तिचे नाव कंपनीगणिक वेगळे आहे. कुठे Auto Volume, कुठे Auto Volume Control, कुठे Advanced auto volume. साध्या, स्वस्त टीव्हींवर नुसती तीन अक्षरे असतात: AVL. नाव कोणतेही असो, काम एकच. त्यावर जाऊन On करा. On म्हणजे चालू, Off म्हणजे बंद.

काही टीव्हींत On ऐवजी Normal आणि Night असे दोन शब्द असतात. Normal म्हणजे नेहमीचे. Night म्हणजे रात्रीचे. रात्रीच्या सोयीत दारे धरणारा जास्त कडक होतो. मोठा आवाज जास्त दाबतो आणि हळू आवाज जास्त उचलतो.

इंग्रजी अक्षरे वाचता येत नसतील तर वहीवर ही नावे शाळेत जाणाऱ्या मुलाकडून मोठी लिहून घ्या. मग पडद्यावरची अक्षरे वहीशी जुळवून पाहा. आजींच्या सूनबाईंनी असेच केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हे सगळे आमच्याशिवाय करून दाखवले.

त्या टीव्हीवर AVL होते आणि ते बंद होते. ते चालू केले आणि तिसऱ्यांदा आकडे घेतले. मालिका 15, जाहिरात 12, बातम्या 13, चित्रपट 17, यूट्यूब 13.

पहिल्या दिवशी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात 23 चे अंतर होते. आता ते 5 वर आले. मालिका आणि जाहिरात यांच्यात 9 होते, ते 3 उरले. टीव्ही 14 वर ठेवला. त्या रात्री जाहिरात आली तेव्हा सगळ्यांनी पाळण्याकडे पाहिले. बाळ हलले, पण उठले नाही. आजी म्हणाल्या, "शब्द कळला हो! भाची सासरी निघाली म्हणत होती."

ही सोय कुठे कमी पडते?

औषध सांगितले, आता त्याचे पथ्यही सांगितले पाहिजे.

पाटाला पाणी कमी झाले की दारे धरणारा दार पुरे उघडतो. मग पाण्याबरोबर गाळही वाफ्यात येतो. इथेही तसेच. बोलणारा माणूस थांबला की टीव्ही ती शांतता वर उचलू लागतो. मग मागचा पंखा, पाऊस, गर्दीची कुजबुज हळूहळू फुगून वर येते. माणूस पुन्हा बोलला की ती खाली दबते. आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. असे ऐकू आले तर समजा, की सोय चालू आहे, पण जरा जास्त दाबते आहे. Night असेल तर Normal करा.

भजन-कीर्तनात हे विशेष जाणवते. टाळ आणि मृदंग जोरात वाजला की टीव्ही सगळाच आवाज दाबतो. त्याबरोबर बुवांचा सूरही खाली जातो. गाण्यात चढउतार हाच प्राण आहे. तो सपाट झाला तर गोडी जाते. म्हणून कीर्तन किंवा गाण्याची मैफल लावताना ही सोय बंद करावी. त्यात जाहिरात मध्ये येणार असेल तर रिमोट जवळ ठेवावा. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही.

तिसरी अडचण वेगळी आहे. काही घरी टीव्हीखाली लांबट स्पीकर ठेवलेला असतो. त्याला साउंडबार म्हणतात. आवाज टीव्हीतून न येता त्यातून येतो. अशा वेळी टीव्हीतली सोय चालू करूनही पुष्कळदा फरक पडत नाही. पाणी त्या दाराने जातच नाही, तर दारे धरणारा काय करील? पारख सोपी आहे. सोय चालू करा आणि बंद करा. दोन्ही वेळा आवाज सारखाच लागला, तर साउंडबारच्या रिमोटवर Night लिहिलेले बटण आहे का पाहा. त्या स्पीकरमध्ये ते काम करते.

फोनवर काय करावे?

आता पुष्कळांच्या हातात फोन आला आहे. तिथेही हाच त्रास आहे. एक व्हिडिओ हळू, दुसरा कर्कश.

आधी हे समजून घ्या, की फोनमध्ये आवाज एकच नसतो. व्हिडिओ-गाण्यांचा वेगळा, फोन आल्याच्या घंटीचा वेगळा आणि गजराचा वेगळा. घंटी कमी केली म्हणून व्हिडिओचा आवाज कमी होत नाही. व्हिडिओ चालू असताना बाजूचे बटण दाबा, म्हणजे व्हिडिओचाच आवाज हलेल.

यूट्यूबच्या ॲपमध्ये 2023 सालापासून दारे धरणारा आला आहे. व्हिडिओ चालू असताना पडद्यावर एकदा बोट ठेवा. कोपऱ्यात दातेरी चाक दिसेल. ते दाबा. मग Additional settings दाबा. तिथे Stable volume असे दिसेल. म्हणजे स्थिर आवाज. ते बहुधा आधीपासून चालू असते. कोणी बंद केले असेल तर चालू करा. काही व्हिडिओंना ही सोय मिळत नाही. तिथे ती दिसली नाही तर शोधत बसू नका.

गाण्यांच्या काही ॲपमध्ये दुसऱ्या तऱ्हेची सोय असते. तिथे प्रत्येक गाणे आधीच पुरे ऐकून मोजून ठेवलेले असते. पोते काट्यावर घालून त्यावर वजन लिहावे तसे. मग मोठे गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच मापाने कमी वाजवतात. गाण्याच्या आतला चढउतार तसाच राहतो. म्हणून ही सोय गाण्याला मानवते. टीव्हीला असे करता येत नाही. पुढे काय येणार हे त्याला आधी कळत नाही. त्याला पाटावर उभे राहूनच काम करावे लागते.

पण एक लक्षात ठेवा. ॲपची सोय त्या ॲपपुरतीच असते. यूट्यूबमधला दारे धरणारा व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओचे दार धरत नाही. म्हणून एका ॲपमधून दुसऱ्यात जाताना आवाज आधी कमी करावा. कानात इअरफोन असेल तर हे न चुकता करावे. तिथे मध्ये फारसे अंतर नाही. दणका सरळ कानाच्या पडद्यावर बसतो.

तरीही एखादे चॅनेल ओरडतच राहिले तर?

आजींच्या घरी एक चॅनेल असे निघालेच. सगळे करूनही त्यावरच्या जाहिराती मोठ्या येत. अशा वेळी आपल्या टीव्हीचा दोष नसतो. हे कसे ओळखायचे? बाकी चॅनेलांवर अंतर कमी झाले आणि एकावरच उरले, तर दोष त्या चॅनेलचा.

मुलाने वहीत चॅनेलचे नाव, तारीख, वेळ आणि जाहिरात कशाची होती ते लिहून ठेवले. असे तीन दिवस लिहिले. मग चॅनेलकडे लेखी तक्रार पाठवली. जाहिरातीच्या नियमांबद्दल प्रेक्षकाने तक्रार केली तर चॅनेलने 15 दिवसांत तिचा निकाल लावावा, असा 2021 सालचा नियम आहे. 'आवाज फार मोठा येतो' एवढेच लिहिले तर कोणी लक्ष देत नाही. तारीख आणि वेळ लिहिली तर टाळता येत नाही. वही ठेवण्याचा हा दुसरा फायदा.

आजींना आम्ही आणखी एक सांगितले. टीव्हीचा आवाज सारखा झाला, पण समोर बसलेल्या माणसाचे बोलणेही कळत नसेल तर डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावा. कधी नुसता मळ साठलेला असतो. टीव्हीतली सोय आवाज नीट करते, कान नीट करीत नाही.

करून पाहा

आज रात्री वही आणि पेन्सिल घेऊन टीव्हीसमोर बसा. मालिका, जाहिरात, बातम्या, चित्रपट आणि यूट्यूब यांचे आकडे लिहा. टीव्हीचा आवाज खाली आणून बॉक्सचा आवाज वाढवा आणि पुन्हा आकडे लिहा. मग Auto Volume किंवा AVL चालू करा आणि तिसऱ्यांदा लिहा.

तिन्ही रांगा शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येक रांगेतल्या मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करा. वजाबाकी कमी होत गेली असेल तर काम झाले. दुसऱ्या रांगेत कमी झाली नाही, तर बॉक्सचा आवाज आधीच पुरा होता असे समजा. तिसऱ्या रांगेतही झाली नाही, तर आवाज दुसऱ्या स्पीकरमधून येतो आहे का ते पाहा.

आजींच्या घरची ती वही अजून टीव्हीशेजारी खिळ्याला टांगलेली आहे. पाहुणा कोणी आला आणि त्याने बॉक्सच्या रिमोटला हात घातला, की आजी लांबूनच म्हणतात, "त्याला नको रे बाबा. आवाज दुसऱ्या रिमोटनं. वहीत लिहिलंय बघ."